घड्याळातला बीटा आणि परतीची वाट



मे महिना आला की ओळखीपाळखीतून एक प्रश्न हमखास येतो. जूनमध्ये ॲपल नव्या आवृत्त्या दाखवणार, त्याच दिवशी डेव्हलपर बीटा खुला होणार, तर तो घड्याळावर टाकून बघायचा का? पूर्वी ही हौस वार्षिक शुल्क भरणाऱ्या डेव्हलपरांपुरती होती. 2023 पासून ती अट उरली नाही. आता ॲपल खातं असलेला कुणीही सेटिंग्जमध्ये जाऊन बीटा निवडू शकतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा पुढचं वाक्यही तयार असतं: "नाही पटलं तर काढून टाकू." आज मी त्या वाक्याबद्दलच बोलणार आहे. फोनच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरं आहे, घड्याळाच्या बाबतीत खरं नाही.

2025 सालचं उदाहरण घेऊ. 9 जूनला आयओएस 26 आणि वॉचओएस 26 यांचे पहिले डेव्हलपर बीटा आले. समजा, एका गृहस्थांकडे आयफोन 14 आणि वॉच सीरिज 9 आहे. त्यांना फक्त घड्याळावर नवं काही बघायचंय, फोन आहे तसाच ठेवायचाय. इथेच पहिली अडचण येते. घड्याळाचा बीटा फोनवर त्याच पिढीचा बीटा असल्याशिवाय चढत नाही. म्हणून आधी फोनवर बीटा टाकायचा, मग घड्याळावर. घड्याळ चार्जरवर, बॅटरी किमान पन्नास टक्के, फोन शेजारी. अपडेटला तासभरही लागू शकतो, आणि तेवढा वेळ घड्याळाला हात लावायचा नाही. ॲपलचं चिन्ह फार वेळ दिसतंय म्हणून घाईने बटणं दाबून ते बंद-चालू करणारे लोक असतात, आणि चांगलं चाललेलं काम बिघडवण्याचा तो खात्रीचा मार्ग आहे.

अपडेट नीट पार पडलं. पुढचे दोन-तीन दिवस बॅटरी भराभर उतरते. यात लगेच घाबरण्यासारखं काही नाही, कारण मोठ्या अपडेटनंतर घड्याळ आणि फोन बरीच माहिती पुन्हा लावून घेतात. आठवडा उलटला तरी दुपारपर्यंत बॅटरी संपत असेल, तर मात्र तो दोष बीटाचा समजावा. एखाद्या ॲपची डायलवरची जागा कोरी पडते, व्यायामाची नोंद मध्येच तुटते, रात्रीच्या झोपेच्या आलेखात खिंडार दिसतं. यातलं जे मोजलंच गेलं नाही, ते नंतरच्या कुठल्याही दुरुस्तीने परत येत नाही. म्हणून हृदयाच्या ठोक्यांतल्या अनियमिततेची सूचना किंवा पडल्यावर मदत बोलावण्याची सोय ज्यांना खरोखर लागते, त्यांच्या मनगटावर बीटा असूच नये असं माझं ठाम मत आहे. यात मी सवलत देत नाही.

आपल्या गृहस्थांची अडचण मात्र फोनवर निघाली. त्यांच्या बँकेचं ॲप नव्या आवृत्तीवर उघडेना. त्यांनी फोन मागे न्यायचं ठरवलं, आणि फोनला तो रस्ता होता. आयफोन केबलने संगणकाला जोडून रिकव्हरी मोडमध्ये नेता येतो. त्याची आधीची अधिकृत आवृत्ती फाइलच्या रूपात मिळते. ती बसवताना ॲपलचा सर्व्हर त्या विशिष्ट फोनसाठी मंजुरीची सही देतो. बीटाच्या काळात चालू अधिकृत आवृत्तीला ती सही मिळत राहते, म्हणून काम होतं. त्यात फोन पूर्ण पुसला जातो. शिवाय बीटावर घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर चालत नाही. त्यामुळे बीटा टाकण्याआधीच संगणकावर बॅकअप घ्यायचा आणि तो Archive करून ठेवायचा, म्हणजे नंतरचा बॅकअप त्याच्यावर लिहिला जात नाही. तो पासवर्ड लावून एन्क्रिप्ट केलेला असावा, नाहीतर आरोग्याच्या नोंदी त्यात येतच नाहीत.

गृहस्थांनी हे सगळं केलं होतं. फोन आयओएस 18 वर सुखरूप आला, आणि मग त्यांनी घड्याळ जोडायला घेतलं. फोनने साफ नकार दिला. घड्याळ 26 वर, फोन 18 वर. नव्या आवृत्तीचं घड्याळ जुन्या आवृत्तीच्या फोनशी पेअर होत नाही. घड्याळ पुसून पाहिलं तरी उपयोग नाही, कारण पुसल्याने माहिती जाते, आवृत्ती तीच राहते.

मग घड्याळही मागे का नेता येऊ नये? अनेकजण दोष त्या मंजुरीच्या सहीला देतात. पण दुकानातून नवं आणलेलं घड्याळ त्या काळात अधिकृत आवृत्तीवर अपडेट होतच असतं, म्हणजे सही मिळत असते. खरी अडचण ती आवृत्ती घड्याळापर्यंत पोचवण्याची आहे. घड्याळाला ग्राहकाने वापरायचं केबलचं तोंड नाही. सीरिज 6 पर्यंत पट्टा बसतो त्या खाचेत तपासणीसाठी दडवलेले संपर्क होते, तेही सीरिज 7 पासून गेले. फोनसाठी मिळते तशी पूर्ण आवृत्तीची फाइल ॲपल घड्याळासाठी देत नाही. उरतो हवेतून येणारा अपडेट, आणि तो फक्त पुढे नेतो.

2022 साली आयओएस 15.4 आणि वॉचओएस 8.5 बरोबर एक सोय आली. घड्याळ बिघडून अडकलं, तर चार्जरवर ठेवून आणि फोन जवळ धरून ते फोनकडून सावरता येतं. अनेकांना वाटलं, आता मागेही जाता येईल. पण या सोयीने बिघडलेलं घड्याळ पुन्हा चालू होतं, जुन्या आवृत्तीवर जात नाही.

घड्याळ पार बंद पडण्याची भीतीही कल्पनेतली नाही. जून 2018 मध्ये वॉचओएस 5 चा पहिलाच बीटा काही घड्याळांवर बसताना अडकू लागला. ॲपलने तो मागे घेतला आणि अडकलेल्यांना आपल्या सेवाकेंद्राशी संपर्क साधायला सांगितलं. आणि गंमत बघा, डिसेंबर 2016 मध्ये 3.1.1 या अधिकृत आवृत्तीनेही काही सीरिज 2 घड्याळं लाल उद्गारचिन्हावर आणून ठेवली होती. तीही मागे घ्यावी लागली.

आता आपल्या गृहस्थांपुढे दोनच पर्याय उरले. घड्याळ कपाटात ठेवायचं आणि बँकेचं ॲप वापरायचं, किंवा फोन पुन्हा बीटावर नेऊन घड्याळ चालवायचं आणि बँकेची कामं शाखेत जाऊन करायची. फोनची परतीची वाट उघडी होती, पण घड्याळाने तीही अडवून ठेवली. फोन आणि घड्याळ दोन्हींवर बीटा टाकण्यातला खरा धोका हा आहे, आणि घड्याळावर बीटा हवा तर दोन्हींवर टाकणं भाग आहे. केवळ फोनवर बीटा ठेवून घड्याळ अधिकृत आवृत्तीवर राहू दिलं, तर ती जोडी चालते आणि फोनला मागेही जाता येतं. ज्यांना हौस भागवायची आहे त्यांनी तेवढ्यावर थांबावं. निदान बहुधा जुलैमध्ये येणाऱ्या पब्लिक बीटापर्यंत तरी थांबावं. 2025 मध्ये तो 24 जुलैला आला. घड्याळाला मागे जाता न येणं त्यातही तसंच असतं, पण पहिल्या बीटातले ढोबळ दोष तोवर बरेचसे निघालेले असतात.

अडकलेल्यांची सुटका पुढे जाऊनच होते. 15 सप्टेंबर 2025 ला आवृत्ती 26 अधिकृत झाली, ती फोनवर आणि घड्याळावर घेतली की जोडी पुन्हा जुळते. त्याआधी सेटिंग्जमध्ये Software Update खाली Beta Updates हे Off करायचं, फोनवरही आणि घड्याळासाठीही. अनेकजण अधिकृत आवृत्ती मिळाल्याच्या आनंदात नेमकं हेच विसरतात. त्या वर्षी अधिकृत आवृत्तीनंतर आठवडाभरातच 26.1 चा बीटा आला. ज्यांची निवड चालू राहिली होती, त्यांच्या घड्याळाला तो देऊ केला गेला, आणि त्यांतल्या ज्यांचे अपडेट रात्री चार्जरवर आपोआप बसतात त्यांना सकाळी घड्याळ पुन्हा बीटावर गेलेलं मिळू शकतं.