पावती मोडण्याआधी



चौकहून कर्जतकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना कुठे ना कुठे फार्महाऊसचं काम चाललेलं दिसतं. त्यातली बरीच कामं आसपासच्या गावांतले छोटे ठेकेदार घेतात. मालक मुंबई-पुण्याचा असतो आणि पैसे टप्प्याटप्प्याने देतो : जोतं झालं की एक हप्ता, स्लॅब पडला की दुसरा. खर्च मात्र टप्प्यांसाठी थांबत नाही. सिमेंट आणि सळईवाल्याला माल उतरताच पैसे लागतात, गवंडी-बिगाऱ्यांना दर आठवड्याला खर्ची द्यावी लागते. मालकाचा हप्ता लांबला की ठेकेदाराचं लक्ष कपाटातल्या मुदत ठेवीच्या पावतीकडे जातं. मग बँकेत जाऊन तो ती मोडतो.

ती न मोडताही काम भागतं. त्याच पावतीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे आपण ज्याला ओडी म्हणतो, ती मिळते.

समजा, अशा एका ठेकेदाराची 4 लाखांची ठेव आहे, तीन वर्षांची, साडेसहा टक्क्यांची. दीड वर्ष उलटलंय. बँक त्या पावतीवर आपला बोजा नोंदवते आणि 90 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 3 लाख 60 हजारांची मर्यादा असलेलं वेगळं खातं उघडून देते. व्याजाचा दर ठेवीच्या दरापेक्षा एखादा टक्का जास्त असतो. काही ठिकाणी अर्धा, काही ठिकाणी दोन. आपण साडेसात धरू. ठेव जागच्या जागी राहते, तिचं व्याज चालूच राहतं.

आता हिशेब नोव्हेंबरचा. 1 तारखेला त्याने 1 लाख 20 हजार उचलले, सिमेंट आणि सळईसाठी. 11 तारखेला खर्ची आणि खडीसाठी आणखी 60 हजार काढले, म्हणजे खात्यावर 1 लाख 80 हजार नावे पडले. 21 तारखेला मालकाचे दीड लाख आले, ते त्याने थेट ओडी खात्यात भरले. नावे बाकी राहिली 30 हजार, ती महिनाअखेरपर्यंत तशीच.

बँक रोज दिवस संपताना किती रक्कम नावे आहे ते पाहते आणि त्या आकड्यांची बेरीज करते. दहा दिवस 1 लाख 20 हजार, म्हणजे 12 लाख. पुढचे दहा दिवस 1 लाख 80 हजार, म्हणजे 18 लाख. शेवटचे दहा दिवस 30 हजार, म्हणजे 3 लाख. एकूण 33 लाख. त्याला साडेसात टक्क्यांनी गुणायचं आणि 365 ने भागायचं. उत्तर येतं 678 रुपये. मर्यादा 3 लाख 60 हजारांची होती, पण तिच्या न वापरलेल्या भागावर व्याज शून्य. त्याच महिन्यात त्याच्या ठेवीवर साधारण 2,137 रुपये व्याज जमा झालं.

पावती मोडली असती तर? मुदतीआधी मोडलेल्या ठेवीला ठरलेला दर मिळत नाही. जितके दिवस ती प्रत्यक्ष राहिली तितक्या मुदतीचा दर लागतो, आणि त्यातूनही बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का दंड कापतात. दीड वर्षाचा दर सव्वासहा होता असं धरलं आणि अर्धा टक्का दंड कापला, तर हातात पावणेसहा पडतात. दीड वर्षात साडेचार हजारांचं नुकसान, तेही वीस-तीस दिवसांच्या अडचणीसाठी.

ही पद्धत आजची नाही. एडिंबरोच्या रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने 1728 मध्ये विल्यम हॉग नावाच्या व्यापाऱ्याला खात्यात असलेल्या पैशांपेक्षा जास्त उचलायची मुभा दिली होती. तिथल्या अशा खात्यांबद्दल अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथने 1776 च्या आपल्या ग्रंथात लिहिलं आहे. व्यापाऱ्याला हाती येईल तशी थोडी थोडी रक्कम परत भरता येते आणि भरलेल्या रकमेवरचं व्याज त्या दिवसापासून थांबतं, ही गोष्ट त्याला महत्त्वाची वाटली होती. आपल्या ठेकेदारालाही तीच कामाची आहे.

कारण इथे व्याज दिवसावर चालतं. मालकाने दिलेला दीड लाखाचा चेक खिशात ठेवून तो चार दिवस हिंडला, तर रोजचे 31 रुपये गेले. चेक वटून रक्कम जमा होईपर्यंतचे दिवसही त्याच्याच माथी. म्हणून मालकाला थेट ओडी खात्याचाच नंबर द्यावा. पैसे आधी बचत खात्यात घेऊन तिथेच पडू दिले, तर तिथे अडीच-तीन टक्के मिळणार आणि इकडे साडेसात भरावे लागणार. उलट, नावे बाकी फिटून वर रक्कम जमा राहिली, तर त्या जादा रकमेवर ओडी खातं काहीच देत नाही. ती बचत खात्यात हलवावी.

पावतीवर पैसे मागताना एक मात्र बघा. पुष्कळदा काउंटरवरून मिळतं ते ठेव तारण कर्ज, ओडी नव्हे. दोन्हींचा दर तोच असू शकतो, पण कर्जात ठरलेली पूर्ण रक्कम पहिल्याच दिवशी बचत खात्यात पडते आणि व्याज पूर्ण रकमेवर सुरू होतं. परतफेड केली की व्याज कमी होतं हे खरं, पण भरलेले पैसे पुन्हा उचलता येत नाहीत, नवा अर्ज लागतो. आपल्या ठेकेदाराने सुरुवातीलाच 1 लाख 80 हजारांचं कर्ज घेऊन महिनाभर ठेवलं असतं, तर व्याज 1,110 रुपये झालं असतं. काय मिळालंय ते पासबुकात लगेच कळतं. स्वतंत्र खातं, मर्यादा छापलेली आणि पैसे उचलेपर्यंत बाकी शून्य असेल, तर ती ओडी.

महिनाअखेरचे 678 रुपये बँक त्याच खात्यात नावे टाकते. आपला ठेकेदार डिसेंबरमध्ये जाईल तो 30 हजारांवर नव्हे, 30,678 वर. महिनोन्महिने व्याज भरलं नाही तर व्याजावर व्याज चढतं. मर्यादेच्या काठावर खातं असेल तर व्याजाच्या नोंदीनेच ते मर्यादेबाहेर जातं आणि पुढचा चेक परत येतो.

रक्कम उचलून वर्षानुवर्षं तशीच ठेवायची असेल, तर मात्र मी ओडीची शिफारस करणार नाही. पूर्ण 3 लाख 60 हजार उरलेल्या दीड वर्षासाठी अडकले, तर एका टक्क्याच्या फरकाने 5,400 रुपये जातात, म्हणजे पावती मोडण्याच्या नुकसानीपेक्षा जास्त. शिवाय ठेवीच्या व्याजावर प्राप्तिकर लागतो तो वेगळाच. ओडीचं व्याज धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येतं. मुलीच्या लग्नासाठी उचललेल्या पैशांचं ते दाखवता येत नाही.

सगळ्याच पावत्यांवर ही सोय नाही. कर वाचवण्यासाठी केलेली पाच वर्षांची ठेव तारण ठेवता येत नाही. ठेव नवरा-बायको दोघांच्या नावे असेल तर सह्या दोघांच्याही लागतात.

आणि ठेवीची मुदत संपली की ओडीचीही संपते. त्या दिवशी बँक नावे बाकी ठेवीतून वळती करून घेते. पावती आपोआप नूतनीकरणाची असेल, तर ठेवीचा दर नव्याने ठरतो आणि त्याच्या मागोमाग ओडीचाही बदलतो. खातं पुढे चालू ठेवायचं असेल तर मुदतीच्या आठवडाभर आधी शाखेत जाऊन कागदांवर पुन्हा सह्या कराव्या लागतील का, ते विचारून घ्या. त्या तारखेच्या पुढचा चेक सळईवाल्याला दिला असेल, तर विचारायला आजच जा.