रुग्णाबरोबर जाणारी चिठ्ठी



रायगड जिल्ह्यातील महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशावरील संशोधनामुळे सर्वश्रुत आहेत. 2013 साली एमआरआयसाठी पाठविलेल्या रुग्णापोटी एका तपासणी केंद्राने त्यांना 1200 रुपयांचा धनादेश धाडला. तो खिशात न घालता त्यांनी वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. हा ‘कट’ रुग्णाच्याच बिलातून वसूल होतो. वैद्यकांच्या 2002 च्या आचारसंहितेत तो निषिद्ध आहे.

मग दोन डॉक्टरांना जोडणारा धागा कोणता? तीच संहिता उत्तर देते. रुग्ण पाठविणाऱ्याने त्याची हकिकत लिहून द्यावी आणि तज्ज्ञाने आपले मत लेखी कळवावे.

समजा, कर्जतजवळच्या एका वाडीत पेंढा उचलताना मुलाला लाल विंचू डसला. वांत्या, दरदरून घाम, हातपाय गार. गावच्या डॉक्टरांनी प्राझोसिन देऊन त्याला खोपोलीच्या किंवा पनवेलच्या तज्ज्ञाकडे पाठविले. चिठ्ठीत दंशाची वेळ, वजन, नाडी, रक्तदाब, औषधाची मात्रा आणि ते दिल्याची वेळ हवी. पुढची मात्रा साधारण तीन तासांनी द्यावयाची असते. वेळच ठाऊक नसेल तर ती दुबार पडते, नाहीतर चुकते. या औषधाने रक्तदाब एकाएकी उतरू शकतो, म्हणून मुलाला निजवूनच न्यावे. निघण्यापूर्वी तज्ज्ञाला दूरध्वनी करून खाट आणि प्राणवायू आहे ना, याची खात्री करावी.

आता तज्ज्ञाचे कर्तव्य. मूल घरी जाताना काय आढळले, काय दिले आणि पुढे कशाकडे लक्ष ठेवावे, हे चार ओळींत गावच्या डॉक्टरांना कळवावे. नंतरच्या ताप-खोकल्यासाठी मुलाला त्यांच्याकडेच परत धाडावे. रुग्ण आपल्याकडेच अडकवून ठेवला, तर पुढचा रुग्ण उशिरा येतो, आणि विंचूदंशात उशीर जिवावर बेततो. पहिल्या उपचारात उणीव दिसली तर नातेवाइकांसमोर ताशेरे ओढू नयेत, त्याच रात्री डॉक्टरांशी बोलावे. मात्र कुटुंबाने विचारल्यास सत्य दडवू नये. सहव्यवसायीची भीड रुग्णाच्या हक्काहून मोठी नाही.

खालापूरसारख्या तालुक्यात एखाद्या शाखेचा तज्ज्ञ एकच असतो. सगळे रुग्ण त्याच्याकडेच गेले म्हणून संशय घेणे अन्यायाचे ठरेल. पर्याय असताना मात्र दोन नावे सांगावीत आणि आपली पसंती कोणाला व का, तेही सांगावे. कारण न सांगता एकाच केंद्राचा आग्रह, कालचीच तपासणी आज पुन्हा, चिठ्ठीला उत्तर नाही, ही नाते बिघडल्याची लक्षणे होत.

कुटुंबांनीही दोन कागद मागून घ्यावेत: जाताना चिठ्ठी आणि परतताना उत्तर. ते मागताना संकोच नको. नेकीने वागणाऱ्या डॉक्टरला त्यात अवमान वाटत नाही.