सरांना लिहिलेला ईमेल आणि ९८ टक्क्यांची भानगड

मागच्या भागानंतर एकाने विचारलं होतं, की कॉलेजमध्ये कधी मुदतवाढ मागितलीस का? मागितली, एकदाच. आज तीच गोष्ट.

बीटेकच्या शेवटच्या वर्षाला न्यूरल नेटवर्कची असाइनमेंट होती. डेटा स्वतः गोळा करायचा होता. आपण नाशिकचे, त्यामुळे डोळ्यासमोर द्राक्षंच. दिंडोरीजवळ मामांची बाग आहे. छाटणीनंतरच्या दिवसांत तिथे जाऊन फोनवर फोटो काढले. २४० पानं, प्रत्येकाचे वेगवेगळ्या बाजूंनी पाच, म्हणजे १२०० फोटो. ओळखायचं काय, तर डावणी, भुरी की निरोगी पान. सगळे फोटो एकत्र पिसले, ८० टक्के ट्रेनिंगला, २० टक्के टेस्टला. अॅक्युरसी आली ९८. मित्रांना चहा पाजला, सरांनाही आकडा सांगून टाकला.

सबमिशन सोमवारी. शनिवारी रात्री रिपोर्टमध्ये लावायला म्हणून मॉडेलचे चुकलेले फोटो काढत होतो. २४० पैकी फक्त पाच चुकलेले. त्यातल्या एका पानाला अळीने खाल्लेलं भोक होतं, अगदी कोपऱ्यात. म्हटलं, हे पान आपण पाहिलंय. ट्रेनिंगचा फोल्डर उघडला, तर तेच पान, तेच भोक, फक्त थोडं तिरकं.

तेव्हा कागदावर हिशोब केला. टेस्टमधल्या एखाद्या फोटोची बाकीची चारही भावंडं टेस्टमध्येच असण्याची शक्यता साधारण ०.२ गुणिले ०.२ असं चार वेळा, म्हणजे ०.००१६. २४० फोटोंमध्ये असा एकही निघेल याची खात्री नाही. म्हणजे जवळपास प्रत्येक टेस्ट फोटोचं पान मॉडेलने आधीच पाहिलेलं होतं. त्याने रोग किती ओळखला आणि पान किती ओळखलं, हे त्या ९८ वरून कळायला मार्गच नव्हता. यालाच डेटा लीकेज म्हणतात. कोड बिनबोभाट चालतो, एरर येत नाही, उलट आकडा छान दिसतो.

उपाय म्हणजे फोटो नाही, पानं वाटायची. त्यासाठी कुठला फोटो कुठल्या पानाचा हे माहीत हवं, आणि ते मी लिहूनच ठेवलं नव्हतं! फाइलच्या नावात वेळ होती. दोन फोटोंमध्ये पंधरा सेकंदांपेक्षा जास्त अंतर पडलं की नवीन पान, असे ढोबळ क्रमांक दिले आणि चालवून पाहिलं.

```python
gss = GroupShuffleSplit(n_splits=1, test_size=0.2, random_state=42)
train_idx, test_idx = next(gss.split(X, y, groups=leaf_id))
```

आलं ८१. रात्रीचे दोन वाजले होते. खरं सांगतो, ९८ तसंच देऊन टाकावं असं मनात आलं. कोणी फोल्डर उघडून भोकं थोडीच बघणार होतं?

ईमेलचा पहिला मसुदा भयंकर होता. त्यात लॅपटॉप स्लो, घरी पाहुणे, सगळं होतं. ते पुसलं. मूळ ईमेल इंग्रजीत होता, मराठीत साधारण असा:

"आदरणीय सर, सोमवारच्या असाइनमेंटमध्ये मला काल रात्री चूक सापडली. एकाच पानाचे फोटो ट्रेनिंग आणि टेस्ट दोन्हीकडे गेले आहेत. स्प्लिट मीच चुकीचा केला. आधी सांगितलेली ९८ टक्के अॅक्युरसी कृपया ग्राह्य धरू नये. पानांनुसार वाटून एकदा चालवल्यावर ८१ आली, पण पानांचे क्रमांक अजून ढोबळ आहेत. १२०० फोटो डोळ्यांनी तपासून पाच फोल्ड पुन्हा ट्रेन करायला बुधवार संध्याकाळपर्यंत वेळ मिळावा. शक्य नसल्यास सोमवारी ८१ चा निकाल चुकीच्या नोंदीसह सबमिट करीन."

शेवटचं वाक्य घालताना हात अडखळला होता. सर म्हणाले असते, "मग सोमवारीच दे," तर?

उत्तर दुपारी आलं, एका ओळीचं. बुधवार पाच वाजता, आणि दोन्ही स्प्लिटचे कन्फ्युजन मॅट्रिक्स लावा. जुनासुद्धा!

तपासताना बारा ठिकाणी पानांचे क्रमांक चुकलेले निघाले. वाऱ्याने पान हलायचं, मी थांबायचो, आणि एकाच पानाची दोन पानं व्हायची. पाच फोल्डची सरासरी ७९ आली. दोन मॅट्रिक्स शेजारी ठेवल्यावर कळलं, की नुकती लागलेली भुरी मॉडेल निरोगी म्हणून सोडून देत होतं. बागाईतदाराला नेमकी तीच लवकर कळायला हवी असते.

व्हायवाला सरांनी लीकेजबद्दल फार विचारलं नाही. विचारलं, "ही पानं मामांच्या बागेतली. शेजारच्या बागेत चालेल का?" आणि २०१६ च्या मोहंती, ह्यूज आणि सलाथे यांच्या पेपरबद्दल सांगितलं. प्लांटव्हिलेजचे ५४,३०६ फोटो. जिथे नोंद होती, तिथे एका पानाचे सगळे फोटो एकाच बाजूला ठेवायची काळजी त्यांनी घेतली होती. तरी ९९.३५ टक्क्यांचं मॉडेल बाहेरच्या, वेगळ्या परिस्थितीतल्या फोटोंवर ३१ टक्क्यांच्या आसपास घसरलं.

माझ्याकडे दुसऱ्या बागेचा एकही फोटो नव्हता. त्या प्रश्नाचे मार्क गेले.