उसनी प्रतिपिंडे

आपण सहज म्हणतो, ‘सापाची लस दिली’, ‘कुत्र्याची लस दिली’. यातली सापाची ती लस नव्हेच. घोड्याच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे आपण रुग्णाला उसनी देतो. कुत्र्याच्या चाव्यात मात्र लसही लागते आणि उसनी प्रतिपिंडेही. ती किती आणि कुठे द्यायची, हे दोन्ही दंशांत अगदी उलट आहे. विद्यार्थी चुकतात ते इथेच.

समजा, पाच वर्षांची, १५ किलो वजनाची मुलगी आली आहे. कुत्र्याने गाल फाडलाय. ही तिसऱ्या श्रेणीची जखम. कुणी जखमेत हळद किंवा मिरची भरली असेल तर ती काढून जखम आधी १५ मिनिटे वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची. मग लस: त्वचेत, दोन्ही दंडांवर प्रत्येकी ०.१ मिली, दिवस ०, ३, ७ आणि २८. स्नायूत द्यायची तर दिवस ०, ३, ७, १४ आणि २८. कुल्ल्यात कधीच नाही.

पण लशीमुळे शरीर स्वतःची प्रतिपिंडे बनवायला सात ते चौदा दिवस घेते. तोवर विषाणू गालातच, मज्जातंतूंच्या टोकांजवळ असतो. त्याला तिथेच गाठायचे, म्हणून उसन्या प्रतिपिंडांचे सीरम जखमेत आणि जखमेभोवती भरायचे. घोड्याचे सीरम किलोमागे ४० युनिट, म्हणजे हिला ६००. एका मिलीत ३०० युनिट असतील तर २ मिली. ही कमाल मर्यादा आहे. जास्त दिले तर लशीचा परिणाम दबतो. जखमा अनेक असतील तर डोस न वाढवता सलाइन मिसळून तो पुरवायचा. टाके शक्यतो नकोत. अटळच असतील तर सीरम भरल्यावर, सैल घालायचे. पहिल्या दिवशी सीरम राहून गेले, तर लशीच्या पहिल्या डोसापासून सातव्या दिवसापर्यंत देता येते. पुढे लशीमुळे शरीराची स्वतःची प्रतिपिंडे येतात.

आता याच मुलीला घोणस चावली असे धरा. विष रक्तात भिनले आहे, म्हणून सीरम शिरेतून द्यायचे, जखमेभोवती नाही. आणि वजन मोजायचे नाही: साप लहान मूल बघून विष कमी सोडत नाही. मोठ्या माणसाला दहा व्हायल, तर हिलाही दहाच. कमी करायचे ते फक्त सलाइनचे पाणी. अॅड्रेनालिन सिरिंजमध्ये भरून हाताशी हवे, कारण घोड्याच्या सीरमची तीव्र अॅलर्जी येऊ शकते.

सीरमची गरज ओळखायची कशी? स्वच्छ, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत २ मिली रक्त घ्या आणि २० मिनिटे हलवू नका. नळी तिरपी केल्यावर रक्त वाहिले, तर विषाने गोठण्याची शक्ती खाल्ली आहे. सीरमनंतर पुन्हा तपासायचे ते सहा तासांनी, कारण यकृताला गोठण्याचे घटक नव्याने बनवायला तेवढा वेळ लागतो.

सर्पदंशातली चूक ही नळी दाखवते. कुत्र्याच्या चाव्यातली चूक दाखवणारी नळी नाही. ती चूक बहुधा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, पाण्याच्या भीतीतून दिसते, आणि तेव्हा उसने देण्यासारखे आपल्याकडे काहीच उरलेले नसते.