‘संलग्न’ म्हणजे लिंक की सीडिंग?

(शिष्यवृत्तीच्या माहितीपत्रकांचे मराठी भाषांतर करणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



तुमच्यापैकी बरेच जण घरातले पहिले पदवीधर. गावातला कुणीही सरकारी कागद घेऊन येतो आणि म्हणतो, ‘एवढं वाचून सांग.’ म्हणजे भाषांतर तुम्ही आधीपासूनच करता. आज मी एकाच वाक्याबद्दल बोलणार आहे. ‘विद्यार्थ्याचे बँक खाते आधार संलग्न असावे.’ मराठी माहितीपत्रकांत हे वाक्य नेहमी दिसतं. व्याकरण चोख आहे, पण अर्थ अर्धा आहे.

इंग्रजीत इथे दोन वेगळे शब्द आहेत, लिंकिंग आणि सीडिंग. लिंकिंग म्हणजे बँकेने तुमचा आधार क्रमांक तुमच्या खात्याला जोडला. अशी चार बँकांतली चार खाती लिंक असू शकतात. सीडिंग म्हणजे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यादीत तुमच्या आधारापुढे एका बँकेचं नाव चढलं. तिथे एका आधारापुढे एकच बँक राहते. नवीन बँक चढली की जुनी उतरते. आधारच्या आधारे येणारे सरकारी पैसे या यादीत जी बँक असेल, तिकडेच जातात. फॉर्ममध्ये तुम्ही कुठला खाते क्रमांक लिहिला, हे तिथे बघितलं जात नाही.

आता एक मुलगी धरा. तिचं शाळेपासूनचं खाते एका बँकेत आहे, तेच सीडेड आहे. कॉलेजजवळ तिने दुसऱ्या बँकेत खाते काढलं, तिथे आधार दिला, लिंक झालं. पत्रकात ‘संलग्न’ वाचून ती म्हणते, माझं काम झालं. शिष्यवृत्ती मंजूर होते, पण पैसे गावाकडच्या जुन्या खात्यात जातात. ते खाते बंद पडलेलं असेल, तर व्यवहारच फसतो. बँकेत विचारलं तर क्लार्क म्हणतो, ‘आधार लिंक आहे की तुमचा.’ तो खरंच सांगतोय. चूक ‘संलग्न’ या शब्दात आहे, कारण त्याने दोन गोष्टी एकाच पोत्यात भरल्या.

मग ‘सीडिंग’साठी ‘बीजारोपण’ लिहायचं का? तो शब्द घेऊन ती मुलगी बँकेत गेली, तर काउंटरवर कुणालाच कळणार नाही. आधारच्या वेबसाइटवर तिला Bank Seeding Status हेच शोधायचं आहे. तिथे बँकेचं नाव आणि सीडिंग चालू आहे की नाही, ते दिसतं. म्हणून माझा पहिला नियम असा: जो शब्द वाचकाला खिडकीवर बोलायचा आहे किंवा स्क्रीनवर शोधायचा आहे, तो जसाच्या तसा ठेवा.

पण नुसतं ‘आधार सीडिंग करावे’ लिहिलं तरी काम होत नाही. देवनागरीत लिहिल्याने इंग्रजी सोपं होत नाही. शब्द ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथेच साध्या मराठीत उलगडून सांगा. मी ते वाक्य असं लिहितो: ‘सरकारी पैसे कोणत्या बँकेत यावेत याची नोंद म्हणजे आधार सीडिंग. ती एका वेळी एकाच बँकेची असते. खात्याला आधार लिंक असणे पुरेसे नाही. बँकेत जाऊन सीडिंगचा फॉर्म भरा आणि आधी दुसऱ्या बँकेत सीडिंग असेल तर तिचे नाव लिहा.’ मूळ एका ओळीच्या चार-पाच ओळी होतात. होऊ द्या. पुढे मात्र सगळीकडे ‘सीडिंग’च लिहा. मध्येच ‘जोडणी’, मध्येच ‘संलग्नता’ आली की वाचकाला वाटतं, ही तिसरीच काहीतरी भानगड आहे.

उलट बाजूही आहे. ‘अंडरटेकिंग’ हा शब्द ठेवू नका. तिथे विद्यार्थी सही करतो, वचन देतो. ‘हमीपत्र’ म्हटलं की आपण कशाची तरी हमी देतोय, हे लगेच कळतं. जिथे सही आणि जबाबदारी आहे, तिथे अर्थ सांगणारा मराठी शब्दच हवा.

‘नॉन-क्रीमीलेयर’चं काय? सरकारी मराठीत त्याला ‘उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र’ म्हणतात. सेतू केंद्रात सगळे नॉन-क्रीमीलेयरच म्हणतात, पण दाखल्यावर मराठी नाव छापलेलं असतं. इथे दोन्ही द्या, नाहीतर दाखला हातात असूनही मुलगा म्हणेल, हा तो नाही.

‘शुद्ध मराठी’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा की अर्ज, दाखला, मुदत, हरकत हे शब्द फारसी-अरबीतून आले आहेत. सतराव्या शतकात राज्यव्यवहारकोशात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, तरी आपली आजी तहसीलला ‘अर्ज’च घेऊन जाते. शुद्ध म्हणून जे पुढे येतं, ते बहुतेक वेळा संस्कृत असतं, आणि ते आपल्या घरात बोललं जात नव्हतं.

भाषांतर झालं की ते बारावीच्या एखाद्या मुलाला वाचायला द्या. ‘कळलं का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा, ‘उद्या सकाळी तू कुठे जाशील आणि तिथे काय मागशील?’ त्याने बँकेचं नाव घेऊन सीडिंगचा फॉर्म मागितला, तर पत्रक छापायला द्या.

जय भीम.