गूगल शीट्समधील हिशेब एक्सेलमध्ये नेताना

परभणी जिल्ह्यातील सेलूची बाजारपेठ कापसासाठी ओळखली जाते. तेथील एखाद्या खरेदीदाराने गावनिहाय आवक गूगल शीट्समध्ये नोंदवली आणि हंगामाअखेर ती एक्सेलमध्ये मागितली गेली, तर ‘फाइल’, ‘डाउनलोड’ आणि ‘मायक्रोसॉफ्ट एक्सेल’ एवढ्या तीन पायऱ्यांत फाइल हाती येते. परंतु ती उघडल्यावर आकडे जसेच्या तसे दिसणे आणि हिशेब जिवंत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

समजा, वालूर गावाच्या दोन नोंदी आहेत: 12 क्विंटल, दर 7,000 रुपये आणि 15 क्विंटल, दर 6,800 रुपये. त्यांच्या रकमांची बेरीज 1,86,000 रुपये होते. ती `QUERY` या सूत्राने, म्हणजे अटीनुसार नोंदी निवडणाऱ्या गूगलच्या स्वतंत्र सूत्राने काढलेली असेल, तर एक्सेलला ते सूत्र ठाऊक नसल्यामुळे डाउनलोड झालेल्या चौकटीत पुढीलप्रमाणे मजकूर आढळतो. टिंबांच्या जागी मूळ सूत्राचा तपशील असतो.

```
=IFERROR(__xludf.DUMMYFUNCTION("QUERY(...)"),186000)
```

येथे आतील सूत्र चुकते आणि `IFERROR`, म्हणजे चूक झाल्यास पर्यायी उत्तर देणारे सूत्र, डाउनलोडच्या वेळचा आकडा पुढे करते, त्यामुळे कोणतीही चूक पडद्यावर दिसत नाही. हा दोष सर्वांत घातक मानला पाहिजे, कारण 12 क्विंटलचे 13 केले तर बेरीज 1,93,000 व्हायला हवी, पण ती 1,86,000 वरच थिजलेली राहते. म्हणून `Ctrl+F` दाबून, शोध संपूर्ण वर्कबुकमध्ये आणि सूत्रांमध्ये घेऊन `DUMMYFUNCTION` हा शब्द शोधावा आणि सापडलेल्या प्रत्येक चौकटीत दोन्हीकडे चालणारे सूत्र लिहावे. ‘आवक’ या पानावर गाव `B` स्तंभात आणि रक्कम `E` मध्ये असल्यास ते असे होईल:

```
=SUMIFS('आवक'!E:E,'आवक'!B:B,"वालूर")
```

गावांच्या नावांचा ड्रॉप-डाउन, म्हणजे ठरलेल्या यादीतूनच निवड करू देणारी चौकट, सहसा टिकतो. मात्र एक्सेलमध्ये अशी यादी थेट टंकित केल्यास स्वल्पविरामांसह 255 अक्षरांची मर्यादा असते, त्यामुळे तालुक्यातील गावांची लांब यादी वेगळ्या पानावर लिहून तिचा पल्ला `Data Validation` मध्ये देणे योग्य ठरते. एकाच चौकटीत अनेक पर्याय निवडण्याची गूगलमधील सोय एक्सेलच्या यादीत नाही. ड्रॉप-डाउन टिकला की नाही, हे यादीबाहेरचे नाव टंकून पाहिल्यास कळते. ते नाकारले गेले पाहिजे.

1,86,000 ऐवजी 186,000 दिसल्यास रक्कम बदललेली नसते, केवळ स्वल्पविरामाची जागा बदललेली असते, आणि विंडोजच्या प्रादेशिक मांडणीत भारत निवडल्यावर लाखाची मांडणी परत येते. तारखांबाबत अधिक सावधगिरी हवी, कारण मजकूर म्हणून भरलेली तारीख मजकूरच राहते; तिच्या चौकटीचे स्वरूप ‘संख्या’ केल्यावर अनुक्रमांक दिसला, तरच ती खरी तारीख समजावी.

ही तपासणी पूर्ण होईपर्यंत मूळ गूगल शीट कोणीही पुसू नये.