नुसता फोटो आला, तर आधी विचारायचं की सांगायचं?



गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कधी कधी नुसता फोटो येतो. सोबत एक शब्दही नसतो. मग उत्तर देणाऱ्या ताईपुढे दोन वाटा असतात. दिसतं ते थोडक्यात सांगायचं, किंवा आधी उलट प्रश्न करायचा. कोणती वाट कधी धरायची, ते आज पाहू.

कोणी ग्रामपंचायतीच्या फलकावरच्या सूचनेचा फोटो टाकला, तर प्रश्नाची गरज नसते. सगळं कागदावरच लिहिलेलं असतं. "ही ग्रामसभेची सूचना आहे, अमुक तारखेला, अमुक वेळी, विषय हे," एवढं बोलून पाठवलं की वाचता न येणाऱ्या बाईचंही काम होतं.

पासबुकाच्या पानाचं उलटं आहे. पानावर दहा नोंदी असतात. तिची अडचण कोणत्या नोंदीची, ते फोटो सांगत नाही. तिथं वर्णन करून काय उपयोग? "ताई, कोणती नोंद पाहायची?" एवढंच विचारायचं, तेही तिला एकटीला. खाते क्रमांक सगळ्यांना दिसू नये म्हणून गटातला फोटो तिलाच काढायला सांगायचा.

खरी कसोटी लागते ती पऱ्हाटीच्या पानाच्या फोटोला. समजा, ऑक्टोबरमध्ये लाल पडलेल्या एका पानाचा फोटो आला. आपल्या तोंडी लगेच येतं, "लाल्या आहे." पण पान लाल व्हायची कारणं एकाहून जास्त आहेत. मॅग्नेशियम किंवा नत्र कमी पडलं आणि रात्री गार होऊ लागल्या की पान लाल होतं. मॅग्नेशियम कमी असेल तर खालची, जुनी पानं आधी लाल होतात, आणि शिरा बराच वेळ हिरव्या राहतात. तुडतुड्यांनी रस शोषला तरी पान लाल होतं. तेव्हा कडा आधी पिवळ्या, मग लाल होतात आणि खाली वळतात. पहिल्या कारणाला कीटकनाशक काहीच करत नाही. तिथं पिकाला अन्नद्रव्य हवं असतं.

म्हणून इथं नाव घ्यायची घाई करू नये. आपण पाठवलेलं नाव घरातला माणूस कृषी केंद्रात सांगतो आणि तिथून बाटली घरी येते. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलो नाही. नको असलेली फवारणी म्हणजे पैसाही जातो आणि अंगावर विषही येतं.

पण नुसता प्रश्न पाठवला तरी अडतं. कितीतरी जणींकडे स्वतःचा फोन नसतो. फोटो मुलाच्या फोनवरून येतो आणि तो फोन संध्याकाळीच तिच्या हाती लागतो. प्रश्न आणि उत्तर यात दोन दिवस जातात. म्हणून दोन्ही एकाच निरोपात पाठवावं, आणि बोलून पाठवावं:

"ताई, पानाच्या कडा लाल दिसतात, शिरा हिरव्या आहेत. सध्या काही फवारू नका. उद्या सकाळी वावरात चार-पाच ठिकाणची पानं उलटून पाहा. खाली फिकट हिरवे, तिरपे पळणारे बारीक किडे आहेत का? एका पानावर किती?"

यात वर्णन फक्त दिसलं तेवढंच आहे, रोगाचं नाव नाही. आपण चुकीचं पाहिलं असेल तर ती लगेच म्हणेल, "नाही ताई, शिराही लालच आहेत." प्रश्न एकाच गोष्टीचा आहे, आणि फोटोत जे येऊच शकत नाही तेच विचारलं आहे. पानाची खालची बाजू तिलाच दिसते. पानं उलटल्यावर पुढचा विचार ती स्वतःही करू शकते.

समजा, तिचं उत्तर आलं की किडे कुठंच नाहीत आणि खालचीच पानं लाल आहेत. मग कीटकनाशक नको. अन्नद्रव्य कोणतं आणि किती, हे सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारायचं. दर पानावर दोन-तीन किंवा जास्त तुडतुडे निघाले, तर उपाय करायची वेळ आली असं धरतात. औषध आणि मात्रा मात्र तिथूनच घ्यायची. फोटो पाहून आपण मात्रा सांगायची नाही.

लक्षात ठेवायला सोपं आहे. उत्तर फोटोतच असेल तर सांगा. तिला काय हवं तेच कळत नसेल तर विचारा. आणि आपल्या शब्दावरून कोणी पैसा किंवा औषध खर्च करणार असेल, तर दिसतं तेवढं सांगून एक प्रश्न जोडा.